शनिवारच्या जादा तासातून मुलीला सरावासाठी सोडवायचंय – अर्ज नेमका कसा द्यावा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, तालुक्याच्या गावी, मराठी माध्यम. दोन वर्षांपासून तलवारबाजी खेळते, प्रकार फॉइल. रोजचा सराव गावातच होतो. शनिवारी मात्र संभाजीनगरला दुपारी 2 ते 5 असं सत्र असतं आणि तिथे जावंच लागतं.

यंदा शाळेने नववीला शनिवारी जादा तास सुरू केलेत. नेहमीची सकाळची शाळा 7:30 ते 11:20. मग 11:40 ते 12:25 गणित आणि 12:30 ते 1:15 विज्ञान. वर्गशिक्षिकेला तोंडी विचारलं तर "पाठवा की, लेकरू खेळतंय तर" म्हणाल्या. दोन शनिवार गेली. तिसऱ्या शनिवारी त्या रजेवर होत्या. बदली आलेल्या सरांनी तिला गैरहजर लावलं आणि न सांगता गेली म्हणून घरी फोन आला. आता मुख्याध्यापक लेखी अर्ज द्या म्हणतात, सोबत "सगळ्यांनी असं मागितलं तर वर्ग कुणाला घ्यायचा?" असंही म्हणतात.

अर्जात काय लिहावं, सोबत काय जोडावं, आणि हे वर्षभर टिकेल असं कसं करावं?

बालाघाट

अर्ज कशाला? शिक्षण हक्क कायद्यात तास ठरवून दिलेत, त्याच्यावर शाळेला जास्तीचे तास घेताच येत नाहीत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार टाका, सोमवारपर्यंत जादा तास बंद होतील.

खडूफळा

बालाघाट, तास ठरवून दिलेत हे खरं, पण ते किमान आहेत. सहावी ते आठवीला वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास. यापेक्षा जास्त घेऊ नका असं त्यात कुठे नाही. शिवाय तो कायदा पहिली ते आठवीचा, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. मुलगी नववीत आहे. तक्रारीने काही होणार नाही, उलट आज तोंडी का होईना हो म्हणणारी शाळा उद्या कागदावर नाही म्हणेल.

गोदाकाठ, मी माध्यमिकला शिकवतो, तेव्हा शाळेच्या बाजूने सांगतो. मुख्याध्यापकांना खेळाचं वावडं नसतं. त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे जबाबदारी. शाळेच्या वेळेत, गणवेशात मुलगी फाटकाबाहेर गेली आणि बसस्टँडवर काही झालं तर पहिला प्रश्न शाळेला विचारला जातो. दुसरी म्हणजे पायंडा. एकीला सोडलं की पुढच्या आठवड्यात चार पालक येतात. त्यातल्या एकाच्या मुलाचा खरंच सराव असतो, बाकीच्यांना शनिवारची दुपार मोकळी हवी असते. तुमच्या अर्जाने या दोन्हींची सोय केली तर सही करायला त्यांना अडचण राहत नाही.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा: अर्ज "शनिवारी सूट मिळावी" असा देऊ नका. शनिवारची सकाळची शाळा हजेरीपटावर असते, जादा तास बहुतेक ठिकाणी वेगळ्या वहीत असतात. नुसतं शनिवार लिहिलं की दोन्हींची सरमिसळ होते आणि लिपिक अख्खा दिवस रजा धरतो.

मांजराकाठ

75 टक्के हजेरी भरली नाही तर बोर्डाला बसू देत नाहीत हे विसरू नका. आमच्या भाचीला दहावीत याच कारणासाठी केवढी धावपळ करावी लागली होती. सरावापायी शाळा बुडवू नका.

खडूफळा

मांजराकाठ, ती शाळा बुडवत नाहीये. 11:20 पर्यंत वर्गातच आहे. 75 टक्के मोजतात ते शाळेच्या हजेरीपटावरून, जादा तासाच्या वहीवरून नाही. पण तुमच्या मुद्द्यातून एक काम निघतं: जादा तासाची हजेरी मूळ पटात तर मिसळत नाहीत ना, हे वर्गशिक्षिकेला आधीच विचारून ठेवा. काही शाळा शनिवारचं दुसरं सत्र म्हणून ती तिथेच लावतात. तसं असेल तर गैरहजर न लावता वेगळी खूण करा असं अर्जातच मागावं लागेल.

मांजराकाठ

बरोबर, मी घाईत वाचलं. मला वाटलं शनिवारची पूर्ण शाळाच सोडायचीय.

सलामी

मी तलवारबाजी शिकवतो, मराठवाड्यातच. शनिवारचंच सत्र का, हे अर्जात आलं नाही तर मुख्याध्यापक पहिल्यांदा तेच विचारतील: "रविवारी करा की." त्याचं उत्तर पालकांना नीट देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फूटवर्क घरी होतं. लंज, म्हणजे पुढे झेपावून केलेला वार, भिंतीवरच्या टार्गेटवर घोटता येतो. लढत मात्र एकटीने होत नाही. तिच्या वयाच्या, तिच्या तोडीच्या, फॉइलच खेळणाऱ्या पाच-सहा मुली एका जागी लागतात आणि स्पर्श नोंदवणारं विजेचं यंत्र लावलेली पिस्त, म्हणजे लढतीची पट्टी, लागते. तालुक्याला हे दोन्ही एकत्र मिळत नाही. म्हणून शनिवारी जिल्ह्याच्या ठिकाणी साखळी लढती लावतात. सहा मुलींची साखळी असेल तर प्रत्येकीच्या पाच लढती, एकूण पंधरा. लढत पाच स्पर्शांची, जास्तीत जास्त तीन मिनिटांची.

साखळीचा तक्ता लढती सुरू व्हायच्या आधीच भरतात. उशिरा आलेलीला मधे घालता येत नाही, कारण मग बाकीच्या सगळ्यांचा क्रम आणि गुणांकन बिघडतं. म्हणजे अर्धा तास उशीर झाला तर अर्धा तास कमी सराव झाला असं होत नाही, त्या दिवसाच्या पाचही लढती जातात. मुलगी मग कडेला बसून राहते किंवा एकटीच फूटवर्क करते, जे तिला गावात करता आलं असतं.

गोदाकाठ, तिकडे साखळी किती वाजता लागते आणि तुमची बस कोणती, ते सांगाल का?

गोदाकाठ

सलामी सर, 2 ला वॉर्मअप, मग फूटवर्क आणि पावणेतीनला साखळी. बस 12:40 ची आणि त्यानंतर थेट 1:40 ची. बसला साधारण तास लागतो, पुढे रिक्षाने पंधरा मिनिटं.

सलामी

मग हिशोब सोपा आहे. 12:40 ची बस धरली तर 1:55 ला हॉलवर. वेळेत. दोन्ही जादा तास करून 1:40 ची धरली तर 2:55 ला पोचेल. जॅकेट, प्लास्ट्रॉन, लामे चढवायला, बॉडी कॉर्ड जोडून फॉइल तपासायला आणखी पंधरा मिनिटं. 3:10 वाजतात, साखळी तर पावणेतीनलाच लागलेली असते. शिवाय तासभर बसमध्ये बसून थेट लंज मारला की मांडीचा मागचा स्नायू धरतो. मी अशी मुलगी वॉर्मअपशिवाय पिस्तवर चढवत नाही.

खडूफळा

हे वाचून तर तुमचा अर्ज निम्म्याने हलका झाला! 12:25 ला गणित संपतं. स्टँड शाळेपासून दहा-बारा मिनिटांवर असेल तर 12:40 ची बस मिळते. म्हणजे तुम्हाला जादा तासातून सूट नकोच आहे, फक्त दुसऱ्या तासातून हवी आहे. गणिताला ती बसणार. "जादा तासाला येणार नाही" आणि "पहिला तास करून 12:25 ला निघेल" या दोन वाक्यांना मुख्याध्यापक फार वेगळं उत्तर देतात. पायंड्याचा प्रश्नही हलका होतो, कारण मोकळी दुपार हवी असणारा एक तास बसून जाण्याची मागणी करत नाही.

गोदाकाठ

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी दोन्ही तासांची सूट मागणार होते. स्टँड दहा मिनिटांवरच आहे.

बालाघाट

कायद्याचं माझं चुकलं, मान्य. पण आठवीपर्यंतच्या लेकरांना तरी जादा तासाची सक्ती नसावी, हे मी म्हणणारच. शाळा सरळ विचारत नाहीत, नोटीस लावून मोकळ्या होतात.

तानपुरा

खेळाचं बरं आहे हो, स्पर्धेचं प्रमाणपत्र दाखवता येतं. गाणं, तबला, चित्रकला यांना शाळा छंद म्हणून उडवून लावते. गांधर्व मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा शनिवारचा तास गुरुजी बदलून देत नाहीत, कारण साथीला तबलजी त्याच दिवशी येतात. हे मुख्याध्यापकांना कसं पटवायचं?

खडूफळा

तानपुरा, परीक्षेचं नाव आणि टप्पा लिहा. "गाणं शिकते" याला वजन नाही. "प्रवेशिका पूर्ण झाली आहे, या सत्रात मध्यमा प्रथमला बसायचं आहे, फॉर्म भरल्याची पावती सोबत" याला आहे. तबलजीचा मुद्दा तर आवर्जून लिहा. सलामींची साखळी आणि तुमचा तबलजी एकच गोष्ट आहे: दुसरं माणूस लागतं आणि ते त्याच वेळी मिळतं. चित्रकलेला एलिमेंटरी, इंटरमीजिएट या शासकीय परीक्षा आहेत, त्यांची नोंद शाळेच्या कलाशिक्षकाकडूनच होते. तेव्हा तिथे आधी कलाशिक्षकाला सोबत घ्यावं.

तानपुरा

फॉर्म अजून निघालेलेच नसतील तर? गुरुजींचं पत्र चालेल?

खडूफळा

चालतं, पण आधीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र जोडा. नुसतं पत्र असलं की लिपिक ते शिकवणीचं समजून बाजूला ठेवतो.

लातूरची_मंजिरी

आमच्याकडे वेगळाच गुंता आहे. शाळेतच शनिवारी स्पर्धा परीक्षेचा वर्ग, त्याची वेगळी फी जूनलाच घेतलेली. मुलाला बास्केटबॉलसाठी सूट हवी म्हटलं तर म्हणायलेत, सूट घ्या पण फी परत नाही. अशात काय करायचं?

खडूफळा

फीच्या पावतीवर काय लिहिलंय ते आधी बघा. शाळेची पावती आहे की वर्ग चालवणाऱ्या दुसऱ्या संस्थेची, यावर सगळं अवलंबून आहे. मला यातलं खात्रीने सांगता येणार नाही. पण सूट आणि परतावा एकाच अर्जात मागू नका, दुसऱ्यापायी पहिलीही अडकते.

लातूरची_मंजिरी

पावती संस्थेची आहे, शाळेचा शिक्का नाही. आता वेगळा अर्ज देते.

सलामी

प्रशिक्षकाच्या पत्राबद्दल लिहितो, कारण तिथेच बहुतेक अर्ज अडकतात. "सदर विद्यार्थिनी नियमित सराव करते" एवढंच पत्र आलं की मुख्याध्यापकाला त्यातून काही कळत नाही. पत्रात सत्राचा वार आणि वेळ, पोचायची वेळ, साखळीची वेळ, गेल्या दोन महिन्यांत किती शनिवारी हजर होती, आणि ती कोणत्या वयोगटात कोणत्या स्पर्धेची तयारी करतेय हे हवं. शालेय स्पर्धांना नववीची मुलगी साधारण 17 वर्षांखालील गटात येते. पत्रावर तारीख हवी. बिनतारखेचं पत्र गेल्या वर्षीचं समजून परत करतात.

शेवटी एक वाक्य मी नेहमी घालतो: "सत्र रद्द झाल्यास आदल्या दिवशी पालकांना कळवण्यात येईल व विद्यार्थिनी जादा तासास उपस्थित राहील." शाळेला हे फार आवडतं. मात्र हे वाक्य लिहिलं की पाळावं लागतं. सत्र नसताना मुलगी बाजारात दिसली की कागद संपला.

पैठणगेट

गुणांचं लिहावं का? खेळाडूंना दहावीला वाढीव गुण मिळतात. शाळेचाही निकाल वाढतो की.

सलामी

मी लिहीत नाही. ते गुण सरावाचे मिळत नाहीत, ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेतल्या कामगिरीचे मिळतात. नववीत असं लिहून ठेवलं आणि दहावीत निवड झाली नाही तर शाळा म्हणणार, मग सूट कशाला दिली होती?

खडूफळा

इथे माझं मत वेगळं आहे. एक ओळ असावी, आश्वासन म्हणून नाही, पण शाळेच्या नावाने खेळणार आहे एवढं तरी. शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेच्याच सही-शिक्क्याने जाते. मुलगी खेळली तर नाव शाळेचं लागतं. क्रीडाशिक्षकाला हे माहीत असतं, मुख्याध्यापकांच्या कायम लक्षात असतंच असं नाही.

पैठणगेट

म्हणजे क्रीडाशिक्षकाची सही पण घ्यायची?

खडूफळा

अर्जावर "शिफारस" म्हणून घ्यावीच. आणि विज्ञानाच्या शिक्षकाला अर्ज द्यायच्या आधी भेटा, कारण बुडणार तो त्यांचा तास आहे. मुख्याध्यापक सही करण्याआधी त्यांनाच विचारणार. त्यांना हे आधी तुमच्याकडून कळलेलं असावं.

गोदाकाठ

सरांना भेटले. ते म्हणायलेत, हरकत नाही, पण शनिवारी मी भाग 2 मधले प्रश्न सोडवून घेतो, ते बुडतील. नववीत विज्ञानाचे दोन पेपर, 40-40 गुणांचे. भाग 1 ते नेहमीच्या तासाला घेतात.

खडूफळा

उत्तम, मग भरपाई नेमकी ठरवता येते. "अभ्यास भरून काढू" असं लिहू नका, ते कुणीच पाळत नाही. असं लिहा: शनिवारी सोडवलेल्या प्रश्नांची यादी सोमवारी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेईल, बुधवारी मधल्या सुट्टीत सोडवून सरांना दाखवेल, सर तारखेसह सही करतील. वही वेगळी असावी, दोनशे पानी नको, शंभर पानी पुरते. सहामाहीला मुख्याध्यापकांनी विचारलं तर तीच वही पुढे ठेवायची.

मुदतही वर्षभराची मागू नका. सहामाही परीक्षेपर्यंतची मागा, पुढे आढावा घेऊन वाढवा. आज वर्षभराची सूट द्यायला कुणी धजत नाही. शनिवार मोजून तारखांचा तक्ता जोडा. घटक चाचणी ज्या शनिवारी असेल ती तारीख तुम्हीच वगळा.

गोदाकाठ

मोजले. सहामाहीपर्यंत सुट्ट्या सोडून 15 शनिवार. दोन चाचणीचे. राहिले 13. दर शनिवारी 45 मिनिटं म्हणजे एकूण 585 मिनिटं, पावणेदहा तास. मला वाटलं होतं यापेक्षा खूप जास्त असेल.

सलामी

हा आकडा अर्जात घाला.

गोदाकाठ

मसुदा टाकते, दुरुस्त्या सांगा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: शनिवारच्या जादा तासांपैकी दुसऱ्या तासातून (विज्ञान, 12:30 ते 1:15) सहामाही परीक्षेपर्यंत 13 शनिवार सूट मिळणेबाबत.

महोदय, माझी मुलगी इयत्ता नववीत शिकत असून शनिवारची नियमित शाळा व गणिताचा जादा तास ती पूर्ण करेल. 12:25 ला शाळेतून निघून 12:40 च्या बसने ती तलवारबाजीच्या सत्रास जाईल. या सत्रातील लढती 2:45 ला सुरू होतात व त्यानंतर आलेल्या खेळाडूस सामील करून घेता येत नाही. पुढील बस 1:40 ची असल्याने दोन्ही जादा तास करून पोचणे शक्य होत नाही. बुडणारा एकूण वेळ पावणेदहा तास आहे. त्याची भरपाई सोबतच्या योजनेप्रमाणे विषयशिक्षकांच्या संमतीने केली जाईल. घटक चाचणीच्या दोन शनिवारी ती पूर्ण वेळ थांबेल. शालेय स्पर्धेत ती आपल्या शाळेतर्फे उतरणार आहे. तिला फाटकावरून घेऊन जाण्याची जबाबदारी माझी राहील.

सोबत: प्रशिक्षकाचे पत्र, तारखांचा तक्ता, भरपाईची योजना."

खडूफळा

चांगला झालाय. फाटकाचं वाक्य मात्र पुरेसं नाही. तुम्हाला एखाद्या शनिवारी जमलं नाही तर कोण येईल, त्याचं नाव आणि नातं लिहा. दोनच माणसं ठेवा. शिपायाजवळच्या वहीत घेऊन जाणाऱ्याची सही आणि वेळ पडली पाहिजे. आणि एक ओळ वाढवा: "सदर तासास गैरहजर न लावता 'परवानगी' अशी नोंद व्हावी व याची माहिती शनिवारच्या सर्व शिक्षकांना द्यावी." तुमचा घोटाळा बदली शिक्षकामुळे झाला होता, तो याने टळेल. मंजुरीची झेरॉक्स वर्गाच्या हजेरीवहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवायला सांगा. कपाटातल्या फाइलमधली परवानगी शनिवारी दुपारी कुणालाच सापडत नाही.

अर्ज दोन प्रतींत द्या. कार्यालयात आवक क्रमांक टाकून तुमच्या प्रतीवर पोच घ्या.

सलामी

आणि किटची बॅग. फॉइलची पिशवी मीटरभर लांब असते, वर्गात अडचण होते आणि मुलं उघडून बघतात. शाळेत शस्त्र आणलं म्हणून एखादा पालक तक्रारही करतो. पाती बोथट असली तरी ते समजावत बसायला नको. सकाळी आल्याबरोबर क्रीडाशिक्षकाच्या खोलीत ठेवायची, जाताना घ्यायची, हेही अर्जात लिहून टाका.

गोदाकाठ

पिशवीचं बरं सांगितलंत, सध्या बाकाखाली तिरपी ठेवते.

तानपुरा

खडूफळा सर, मुख्याध्यापकांनी लेखी नाहीच दिलं, नुसतं "जाऊ द्या, काही हरकत नाही" म्हणाले तर?

खडूफळा

तर त्याच दिवशी तुम्हीच एक ओळ लिहून द्या: "आज झालेल्या चर्चेनुसार आपण परवानगी दिल्याप्रमाणे पाल्य अमुक तारखेपासून 12:25 ला निघेल." तिची पोच घ्या. ही मंजुरी नाही, पण उद्या कुणी विचारलं तर तारखेसह काहीतरी हातात असतं. तरीही शाळेने आक्षेप घेतला तर तो कागद किती टिकेल हे शाळा-शाळेवर आहे.

बालाघाट

शाळेने लेखी नकार दिला तर मात्र वर दाद मागता आली पाहिजे.

खडूफळा

त्याआधी शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत विषय घ्या. गणित आणि विज्ञान यांची अदलाबदल करून जाणाऱ्या मुलांना अवघड विषय आधी मिळेल का, किंवा जादा तास शुक्रवारी हलेल का, यावर तिथे बोलता येतं. एका मुलीसाठी वेळापत्रक हलत नाही, पाच खेळाडू असतील तर हलू शकतं.

गोदाकाठ

अर्ज आज दिला, आवक क्रमांक मिळाला. क्रीडाशिक्षकांनी शिफारस लिहिली. मुख्याध्यापकांनी तारखांचा तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, "सहामाहीनंतर काय?" मी म्हटलं, वही बघून तुम्हीच ठरवा. सही सोमवारी देतो म्हणालेत. येत्या शनिवारी सही झालेली नसेल, तर पाठवू की थांबवू?

खडूफळा

थांबवा. एक साखळी जाईल, पण मंजुरीआधी गेली तर पहिल्याच पानावर गैरहजेरी लागेल.

सलामी

तिच्या प्रशिक्षकांना आजच कळवा, म्हणजे तक्ता पाच जणींचा लावतील. त्या शनिवारी संध्याकाळी गावातच रिपोस्टचा, म्हणजे वार अडवून लगेच उलट वार करण्याचा, सराव घ्या, अडवायला आधी पॅरी चार, मग पॅरी सहा. कुणीतरी समोर उभं राहून सावकाश हल्ला केला तरी पुरे, भाऊ असला तरी चालतो.